पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरत नाही: कंडेन्सर की वाइंडिंग?

निंबोणी
आमच्या झोपायच्या खोलीतला छताचा पंखा दोनेक महिन्यांपासून कुरकुरतोय. आधी फक्त हळू सुरू व्हायचा. बटण दाबलं की आळोखेपिळोखे देत उठायचा आणि मिनिटाभराने वेग पकडायचा. आता बटण दाबल्यावर नुसती गुणगुण येते, पाती जागची हलत नाहीत. जाळी काढायच्या काठीने एक ढोसणी दिली की फिरायला लागतो, मात्र पूर्वीसारखा वारा नाही. रेग्युलेटर ५ वर ठेवला तरी तेच.
वायरमनला बोलावलं तर त्याने खालूनच मान वर करून सांगितलं, "वाइंडिंग गेलं, नवीन घ्या." शिडीसुद्धा लावली नाही हो! पंखा ११ वर्षांचा आहे हे खरं, पण न उघडताच निकाल? माझ्याकडे मल्टीमीटर आहे आणि हात चालवायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

उंटावरचा
वाइंडिंग वगैरे काही नाही, बेअरिंग सुकलं असणार. ११ वर्षं म्हणजे ग्रीसचा पार दगड झाला असेल. वरून दांडीच्या बाजूने थोडं मशीन ऑइल सोडा, काम फत्ते. आमच्या बैठकीतल्या पंख्याला हाच उपाय केला होता.

गंजलेला स्क्रू
निंबोणी ताई, तेल सोडायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. दोन्हीला पंखा उघडावा लागत नाही.
पहिली म्हणजे पंखा बंद असताना काठीने एक झटका द्या आणि तो किती वेळ फिरतो ते पाहा. बेअरिंग ठीक असेल तर तो रेंगाळत बराच वेळ फिरेल आणि थांबताना अलगद थांबेल. दोन-चार फेऱ्यांत गचकन थांबला किंवा खरखर ऐकू आली, तर उंटावरचा म्हणतात तसं बेअरिंग.
दुसरी जरा मजेशीर आहे. बटण बंद ठेवून पंख्याला उलट्या दिशेने ढकला, म्हणजे नेहमी फिरतो त्याच्या विरुद्ध. फिरत असतानाच दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा, रेग्युलेटर ५ वर. मग काय होतं ते इथे लिहा. चालू पंख्यात काठी घालू नका. आधी ढकलायचं, काठी खाली घ्यायची, मगच बटण.

सायली_क
माझापण पंखा असाच करतोय! रिमोटवाला बीएलडीसी आहे, सुरू होताना तीनदा मागेपुढे हलतो आणि मग बंदच पडतो. त्याचा कंडेन्सर कुठे असतो?

गंजलेला स्क्रू
सायली, तुमची गोष्ट वेगळी. बीएलडीसीमध्ये हा कंडेन्सर नसतोच. आत एक छोटं सर्किट असतं, ते मोटरला पाळीपाळीने वीज देतं. मागेपुढे हलून थांबतोय म्हणजे मोटरचं फिरणारं चक्र नेमकं कुठे आहे ते सर्किटला कळत नाहीये, नाहीतर मोटरच्या तीन वायरींपैकी एक सुटली आहे. वॉरंटी असेल तर उघडू नका. खाली जे काही लिहिणार आहे ते तुमच्या पंख्याला लावू नका.

निंबोणी
दोन्ही करून पाहिलं. बंद असताना ढकलला तर मस्त फिरत राहिला, मी १ ते ४५ मोजले तरी थांबायचं नाव नाही. आवाजही नाही.
दुसऱ्यात मात्र गंमत झाली. उलटा ढकलून मुलाला बटण दाबायला सांगितलं, तर पंखा उलटाच फिरत राहिला! वारा वर छताकडे. मुलगा म्हणाला, "आई, पंखा सासरी रुसलाय." असं कसं होतं?

गंजलेला स्क्रू
मग बेअरिंगचा संशय बाद. आणि उलटा फिरला हाच पुरावा आहे.
या मोटरमध्ये दोन वाइंडिंगं असतात. एक सरळ लाइनवर, दुसरं, म्हणजे स्टार्टिंग वाइंडिंग, कंडेन्सरमधून. नुसत्या पहिल्याने जोर पुढे-मागे सारखाच पडतो, म्हणून चक्र जागेवर गुणगुणत बसतं. कोणत्या बाजूला जायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह कंडेन्सरमुळे वेळेत पुढे सरकतो आणि त्यातून दिशा मिळते. ही दिशा देणारी बाजू मेली की पंखा बिनपेंद्याचा लोटा. तुम्ही ढकलाल तिकडे जातो. कंडेन्सरमध्ये थोडाफार जीव असता तर उलटा ढकललेला पंखा मंदावला असता, थांबला असता आणि रखडत का होईना सरळ फिरला असता.
म्हणजे एकतर कंडेन्सर जवळपास संपलाय, नाहीतर स्टार्टिंग वाइंडिंगची वायर कुठेतरी तुटली आहे. कंडेन्सरची शक्यता फार जास्त. तुमचा पंखा दोन महिने हळूहळू बिघडत गेला. तुटलेली वायर अशी हळूहळू तुटत नाही.

आता उघडायचं कसं ते. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जोडणाऱ्याने बटण चुकून न्यूट्रलवर घेतलं असेल तर बटण बंद असूनही वर फेज असतो. एमसीबी पाडा आणि वर कनेक्टरपाशी टेस्टर लावून खात्री करा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना तेही बघा. दांडीवरची वाटी, छताजवळची, तिचा स्क्रू सैल करून खाली सरकवा. काही पंख्यांत कंडेन्सर तिथे असतो, काहींत खालच्या वाटीत, मोटरच्या डोक्यावर. पांढरी किंवा काळी डबी, दोन वायरी. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा.

उंटावरचा
बरं, बेअरिंग नाही तर नाही. पण कंडेन्सर तपासायला सोपं आहे. मीटर ओहमवर ठेवायचं. आकडे चढत जाऊन OL, म्हणजे रेंजच्या बाहेर, आलं की कंडेन्सर चांगला. शून्य दाखवलं तर शॉर्ट. जुने लोक तर लाइनवर चार्ज करून दोन वायरी टेकवायचे, ठिणगी उडाली की पास.

निंबोणी
उघडला. कंडेन्सर खालच्या वाटीत होता. अंगावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी असं लिहिलंय. फुगलेला नाही, जळका वास नाही, अगदी नव्यासारखा. उंटावरचा यांनी सांगितलं तसं ओहमवर लावलं तर आकडे भराभर चढले आणि शेवटी OL. म्हणजे कंडेन्सर चांगला निघाला की! मग वाइंडिंगच गेलं का? (ठिणगीचा प्रयोग केला नाही. घरात सासूबाई आहेत.)

गंजलेला स्क्रू
सासूबाईंचे आभार माना. लाइनवर चार्ज करून ठिणगी काढणं हा मूर्खपणा आहे, मग तो कितीही जुना असो. अर्धा मेलेला कंडेन्सरसुद्धा छान ठिणगी देतो.
ओहमची चाचणी खोटी नाही, अपुरी आहे. ती एवढंच सांगते की आत शॉर्ट नाही आणि काहीतरी चार्ज होतंय. किती चार्ज होतंय ते सांगत नाही. हंडा गळत नाही एवढं कळलं, पण हंडा आहे की फुलपात्र ते कुठे कळलं? पंख्याचे कंडेन्सर शॉर्ट होऊन क्वचित जातात. आतमध्ये प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा असतो. फिल्मला कुठे बारीक भोक पडलं की त्याच्याभोवतीचा मुलामा जळून उडून जातो आणि भोक आपोआप बंद पडतं. म्हणून शॉर्ट होत नाही, पण दर वेळी थोडा मुलामा कमी होतो. वर्षानुवर्षं असं होत २.५ चा कंडेन्सर दोनावर येतो, मग दीडवर. बाहेरून नव्यासारखाच.
मीटरवर कपॅसिटन्सची रेंज आहे का बघा. कंडेन्सर दोन्ही वायरींनी सुटा करून मोजा. जोडलेला असताना वाइंडिंग मध्ये येतं आणि आकडा काहीच्या काही येतो.

निंबोणी
आहे रेंज! आजवर कधी वापरलीच नव्हती. पण त्याआधी शंका. आत चार्ज उरलेला असतो आणि झटका बसतो असं ऐकलंय. मघाशी मी तसंच मोजून टाकलं.

गंजलेला स्क्रू
शंका रास्त आहे. पंख्यात जोडलेला असताना त्याची दोन्ही टोकं वाइंडिंगांमधून एकमेकांना मिळालेली असतात, त्यामुळे वीज गेली की तो लगेच रिकामा होतो. धोका आहे तो वाइंडिंग तुटलेलं असेल तेव्हा, किंवा सुटा कंडेन्सर कुणी लाइनवर चार्ज केला असेल तेव्हा. वाइंडिंग तुटलंय की नाही हे अजून आपल्याला माहीत नाही. म्हणून होल्डरमध्ये लावलेल्या जुन्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी कंडेन्सरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. काचेला नव्हे, वायरींना. ही सवयच ठेवा. मीटरही वाचतं.

निंबोणी
बल्ब टेकवला, काही झालं नाही. मग मोजलं. ०.३१ मायक्रोफॅरड. तीनदा मोजलं, ०.३१, ०.३१, ०.३०. २.५ चा ०.३१!
निघाले नवीन आणायला.

गंजलेला स्क्रू
थांबा, दोन मिनिटं. पंखा उघडाच आहे तर वाइंडिंगही मोजून घ्या, म्हणजे पुन्हा चढायला नको. मोटरमधून तीन वायरी येतात. कंडेन्सर सुटा आणि लाइनही सुटी ठेवून या तिघींतल्या प्रत्येक जोडीत ओहम मोजा. तीन आकडे येतील. त्यातला मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका हवा.

निंबोणी
१६२, १८८ आणि ३५०. बेरीज जमली! मोटरची लोखंडी बॉडी आणि वायरी यांच्यात OL.

गंजलेला स्क्रू
शाबास. वाइंडिंग शाबूत. एखाद्या जोडीत OL आलं असतं तर वायर तुटलेली, आणि मग नव्या कंडेन्सरने काही झालं नसतं. बेरीज जमली नसती तर आत दोन वाइंडिंगं एकमेकांना चिकटल्याचा संशय घ्यायचा.
ज्या जोडीत ३५० आले त्या दोन वायरींच्या मध्ये कंडेन्सर बसतो. उरलेली तिसरी ती कॉमन. हे कागदावर लिहून ठेवा.
कंडेन्सर २.५ चाच घ्या आणि व्होल्ट ४४० एसीच बघा. लाइन २३० ची आहे म्हणून २५० चा चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चालू मोटरमध्ये कंडेन्सरवर लाइनपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज येतं.

दुपारची झोप
मी ३.१५ चा टाकला होता, २.५ च्या जागी. पंखा असा पळतो की चादर उडते. तीन वर्षं झाली. मी तर म्हणेन मोठाच टाका.

उंटावरचा
बरोबर! मीही हेच म्हणणार होतो. ४ चा टाकला तर आणखी पळेल.

गंजलेला स्क्रू
पळेल काही अंशी. मोटरच्या वेगाला वरची हद्द असते, ती लाइनच्या ५० हर्ट्झने आणि आतल्या पोलच्या संख्येने ठरते. कंडेन्सर वाढवून ती ओलांडता येत नाही. तिच्या थोडं जवळ सरकता येतं इतकंच. त्याची किंमत स्टार्टिंग वाइंडिंग मोजतं. त्यातला प्रवाह वाढतो, मोटर तापते, गुणगुण वाढते. अर्धा तास चालवून, एमसीबी पाडून मोटरच्या बॉडीला हात लावून बघा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर वाइंडिंगचं वार्निश भाजतंय.
३.१५ ने तुमचा तीन वर्षं टिकलाय हे खरं आहे, आणि मी ते नाकारणार नाही. काही मोटरांत तेवढी सवड असते. पण ४ ला मी स्पष्ट नाही म्हणेन.

दुपारची झोप
कोमट आहे हो. कढत नाही. मी बदलणार नाही!

निंबोणी
आणला, २.५ चाच. दुकानातच मोजायला लावला, २.४६ आला. बसवला. एमसीबी वर, बटण दाबलं आणि एका झटक्यात सुरू! काठी नको, गुणगुण नको.
फक्त... वारा वरती जातोय. पंखा उलटा फिरतोय. 😔

उंटावरचा
कंडेन्सर उलटा जोडलात. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

निंबोणी
केली. काही फरक नाही, अजून उलटाच.

रानवारा
फोटो काढला होता ना? त्यात बघा.

निंबोणी
काढला होता हो, पण अंगठा आलाय त्यात. अर्धा कनेक्टर अंगठ्यामागे.

गंजलेला स्क्रू
😀 अंगठ्याचा फोटो जपून ठेवा.
या कंडेन्सरला उलट-सुलट नसतं, त्यामुळे त्याच्या वायरी फिरवून काही होत नाही. गोम लाइनमध्ये आहे. लाइनची एक वायर कॉमनला जाते. दुसरी कंडेन्सरच्या दोन टोकांपैकी एकाला. ज्या टोकाला ती लावाल ते वाइंडिंग सरळ लाइनवर येतं आणि दुसरं कंडेन्सरमागे जातं. टोक बदललं की दिशा बदलते. जुना कंडेन्सर काढताना लाइनची वायर त्याच्या वायरीसोबत सुटून आली असेल आणि तुम्ही ती दुसऱ्या टोकाला पिळली.
एमसीबी पाडा, लाइनची ती एकच वायर कंडेन्सरच्या एका टोकावरून काढून दुसऱ्या टोकाला लावा. कॉमनला हात लावू नका. असा उलटा फार चालवूही नका, कारण वाइंडिंगांची कामं अदलाबदल झाली आहेत आणि कंडेन्सर त्या हिशेबाने निवडलेला नाही.
सुलटा झाला की पात्याकडे बघून ओळखा. पात्याची वर उचललेली कड पुढे धावायला हवी.

निंबोणी
तसंच निघालं! लाइनची वायर हलवली आणि पंखा सुलटा. आता ५ वर पूर्वीसारखा वारा. खालच्या वाटीत वायरी कोंबताना एक वायर फिरत्या भागाला घासत होती, तीही टेपने दांडीला बांधली.

गंजलेला स्क्रू
हे बरं केलंत, खालच्या वाटीत नेमकी तीच चूक होते. वर चढलाच आहात तर दांडीच्या बोल्टमधली स्प्लिट पिन जागेवर आहे ना, तिची टोकं वाकवलेली आहेत ना, तेवढं बघूनच उतरा.

रानवारा
हे वाचून मीही माझा उघडला. माझा ढकलावा लागत नाही, फक्त हळू चालतो. रेग्युलेटर १ आणि २ वर ठेवला तर सुरूच होत नाही, ३ पासून पुढे होतो. कंडेन्सर २.५ चा, मोजला तर १.६२. यात कंडेन्सरचा दोष धरायचा की रेग्युलेटरचा? की आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्याचा?

गंजलेला स्क्रू
१.६२ म्हणजे बदलायचाच. नवीन कंडेन्सर छापील आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत असतो. २.५ चा सव्वादोनच्या खाली गेला की मी बदलतो. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे.
पण तुमचे तिन्ही संशय एकाच ठिकाणी जातात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. व्होल्टेज निम्मं झालं तर जोर पाव उरतो. रेग्युलेटर १ वर तुम्ही आधीच व्होल्टेज खूप खाली आणलेलं असतं, संध्याकाळी लाइन पडली की आणखी, आणि वर दुबळा कंडेन्सर. ५ वर जो बिघाड दिसत नाही तो १ वर आधी दिसतो. कंडेन्सर बदला आणि मग ५ वर बघा. ५ वर वेग चांगला पण १-२ वर पुन्हा तेच असेल, तर मग रेग्युलेटरकडे बघायचं.

रानवारा
बदलला. ५ वर फरक डोळ्यांना दिसतो. २ वर आता सुरू होतो. १ वर अजून नाही, सकाळीसुद्धा. रेग्युलेटरकडे वळतो.

निंबोणी
एक शेवटचं राहिलं. मेला कशाने? त्याच वयाचा पंखा हॉलमध्ये आहे, तो २४ तास चालतो. त्याचा कंडेन्सर आज मोजला तर २.३१. आणि जो फक्त रात्री चालतो त्याचा ०.३१.

दुपारची झोप
झोपायच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे का? आमच्याकडे तो बसवल्यापासून दोन कंडेन्सर गेले.

निंबोणी
हो! हॉलमध्ये जुना, मोठ्या डब्याचा.

गंजलेला स्क्रू
दोन पंख्यांवरून मी रेग्युलेटरला फासावर चढवणार नाही. रात्री उशिरा लाइनचं व्होल्टेज चढतं हेही कारण असू शकतं, तुमचा नेमका त्याच वेळी चालतो. शिवाय खालच्या वाटीतला कंडेन्सर मोटरच्या उष्णतेत बसलेला असतो. हॉलवाल्याचा कुठे आहे?

निंबोणी
वरच्या वाटीत, छताजवळ.

उंटावरचा
झालं तर मग, उष्णताच!

दुपारची झोप
मी रेग्युलेटरवर ठाम आहे.

निंबोणी
भांडा तुम्ही. नव्यावर मार्करने आजची तारीख आणि २.४६ लिहून ठेवलंय. पुढच्या उन्हाळ्याआधी वर चढून मोजते आणि आकडा इथे टाकते.